एक लिटर की एक ग्लास? ओआरएसच्या पाकिटावरील मराठी सूचना तपासून पाहू या

पावसाळा लागला की वस्तीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात आणि घरोघरी ओआरएसची पाकिटे येतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत अशी पाकिटे वाटली गेली. प्रत्येकासोबत एक मराठी पत्रक होते. इंग्रजी सूचनांवरून कोणीतरी केलेले ते भाषांतर होते. दोन दिवसांनी शेजारच्या एका ताईने दीड वर्षाच्या मुलाला त्या पत्रकाप्रमाणे द्रावण करून दिले. पहिलाच घोट मुलाने थुंकून टाकला. आजीने बोट बुडवून चाखले आणि म्हणाली, "अगं, हे तर समुद्राचं पाणी झालंय!" आजीच्या त्या एका बोटाने मूल वाचले असे म्हटले तरी चालेल. त्या रविवारी विहारात जमल्यावर आम्ही पाकीट आणि पत्रक शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. तेव्हा तीन चुका सापडल्या. त्याच येथे मांडत आहोत.

पाकिटावर इंग्रजीत लिहिले होते की संपूर्ण पावडर एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवावी. मराठी पत्रकात होते, "पाकिटातील पावडर एक ग्लास पाण्यात विरघळवावी." वाक्य शुद्ध होते आणि सहज समजत होते. म्हणूनच ते धोक्याचे होते. ही चूक कशी होते, तेही समजून घ्यावे. बाजारात ओआरएसची दोन मापे मिळतात. मोठे पाकीट साधारण २१ ग्रॅमचे असते, ते एक लिटर पाण्यासाठी. लहान पाकीट चार-साडेचार ग्रॅमचे असते, ते २०० मिलिलिटरसाठी, म्हणजे एका ग्लासासाठी. लहान पाकिटाचा मजकूर मोठ्याच्या पत्रकावर तसाच उतरला, की पाकीट बदलते आणि पाणी मात्र तेच राहते.

याचा हिशेब करून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर द्रावणासाठी २०.५ ग्रॅम पावडर लागते. त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि बाकी दोन क्षार असतात. असे द्रावण नीट केले, तर लिटरमागे ७५ एकक सोडियम येते. आपल्या रक्तात ते १३५ ते १४५ एकक असते. म्हणजे ओआरएस रक्तापेक्षा कमी खारट असते. तेवढेच पावडर २०० मिलिलिटरमध्ये घातले, की सर्व काही पाचपट होते. सोडियम ३७५ एककांवर जाते, समुद्राच्या पाण्याच्या जवळपास. आजीची जीभ खोटे बोलत नव्हती.

असे द्रावण पोटात गेले, तर आतड्यात पाणी शोषले जाण्याऐवजी शरीरातलेच पाणी आतड्याकडे ओढले जाते. जुलाब वाढतो. मीठ रक्तात चढू लागले, की मेंदूच्या पेशींतले पाणी कमी होते. मुलाला खूप तहान लागते, ते चिडचिडे होते, मग सुस्त पडते आणि शेवटी झटके येऊ शकतात. तहान पाहून आई तेच द्रावण आणखी पाजते, हा यातला सर्वांत वाईट भाग. अशी लक्षणे दिसली तर ते द्रावण थांबवावे, मुलाला तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि पाकीट व पत्रक सोबत न्यावे. घरी एकदम भरपूर पाणी पाजून ते भरून काढायचा प्रयत्न करू नये. वाढलेले सोडियम डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावे लागते.

उलट चूकही घडते. लहान पाकीट एक लिटर पाण्यात घातले, तर द्रावण पाचपट पातळ होते आणि सोडियम फक्त १५ एकक उरते. विष होत नाही, पण जुलाबात गेलेले क्षार भरून निघत नाहीत. घरच्यांना मात्र औषध चालू आहे असेच वाटत राहते.

दुसरी चूक "नाही" या शब्दाची. मूळ सूचना अशी की द्रावण तयार झाल्यावर उकळू नये. पत्रकात झाले होते, "न उकळलेल्या पाण्यात मिसळावे." नकार एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकला. पावसाळ्यात गढूळ पाणी येते तेव्हा पाणी आधी उकळून थंड करणेच चांगले. पावडर घातल्यावर मात्र उकळायचे नाही, कारण पाणी आटून द्रावण दाट होते.

तिसरी चूक चोवीस तासांची. मूळ अर्थ असा की तयार द्रावण चोवीस तासांनंतर वापरू नये, उरलेले ओतून द्यावे. मराठीत आले, "२४ तासांत सर्व द्रावण पाजावे." लिटरभर द्रावण लहान मुलाला पाजलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ घरी झाला. खरे प्रमाण जुलाबावर ठरते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, तेही चमच्याने, थोडे थोडे. बाळ अंगावर पीत असेल तर स्तनपान चालूच ठेवावे.

या चुका ओळखायला इंग्रजी फार यावे लागत नाही. अंक सगळ्यांना वाचता येतात. पाकिटावरचे वजन आणि पाण्याचे माप पाहावे, मग मराठीत तेच माप आहे का ते पाहावे. "ग्लास", "चमचा", "वाटी" असा शब्द असेल आणि शेजारी मिलिलिटरचा आकडा नसेल, तर तेथे थांबावे. प्रत्येक घरातला ग्लास वेगळा असतो. त्यानंतर "नये" आणि "नंतर" हे दोन शब्द शोधावेत आणि काय करू नये, कशाच्या नंतर, असे स्वतःला विचारावे.

आम्ही आणखी एक रीत ठरवली आहे. एकाने मराठी सूचना मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने, ज्याने पाकीट आधी पाहिलेले नाही, भांडे घेऊन तसेच करून दाखवायचे. त्या रविवारी एका बहिणीने पत्रक ऐकून खरोखर ग्लास उचलला, तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. लिटरचे माप नसेल तर पाण्याची एक लिटरची रिकामी, धुतलेली बाटली चालते.

चूक सापडली की पत्रक फाडून टाकू नका. त्यावर मोठी फुली मारा. पाकीट आणि पत्रक यांचा फोटो घ्या, त्यात बॅच क्रमांक दिसू द्या. आशाताईंना, औषध दुकानदाराला आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाला दाखवा. कोणाला त्रास झाला असेल, तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. आमच्या वस्तीत आम्ही त्याच संध्याकाळी घरोघरी फिरून प्रत्येक पाकिटावर पेनाने लिहिले, "एक लिटर". पत्रके परत गोळा केली. तीन घरांत द्रावण ग्लासातच केलेले सापडले. ते आम्ही ओतून दिले आणि नवे पाकीट बाटलीने मापून करून दिले.