मोठी पीओ आली? ‘ओके, थँक यू’ पाठवायच्या आधी हे वाचा

व्हिडिओमध्ये आपण पीओ, म्हणजे खरेदी ऑर्डर, कशी वाचायची ते बघितलं. आज तिला उत्तर कसं द्यायचं ते बघू.

समजा, तुमचा फराळाचा व्यवसाय आहे आणि एका कंपनीकडून 1,200 बॉक्सची पीओ आली. प्रत्येक बॉक्समध्ये 250 ग्रॅम चकली, 250 ग्रॅम चिवडा. डिलिव्हरी 20 ऑक्टोबरपर्यंत. आनंदात आपण लगेच ‘ओके’ टाकतो. पण ‘पीओ मिळाली’ आणि ‘पीओ मान्य आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ओके’ म्हटलं की समोरचा धरून चालतो, की सगळ्या अटी तुम्हाला मान्य आहेत. म्हणून त्याच दिवशी फक्त पोच द्या आणि ‘तपासून उद्या कळवतो’ असं लिहा.

मग कॅल्क्युलेटर घ्या. 1,200 बॉक्सला चकली लागणार 300 किलो. दिवसाला 40 किलो निघत असेल, तर साडेसात दिवस नुसत्या चकलीला. सगळा माल एकदम दिला तर पहिली चकली आठवडाभर पडून राहणार. त्यापेक्षा 400-400 बॉक्सचे तीन लॉट करा. एका लॉटला 100 किलो, म्हणजे अडीच दिवस. तीन-तीन दिवसांच्या अंतराने डिलिव्हरी आरामात बसते.

आता पत्त्यांची यादी बघा. हिंजवडी 700, चाकण 450. बेरीज 1,150! उरलेले 50 कुठे द्यायचे? हे आत्ताच विचारायचं, टेम्पो भरल्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी असा मेल करा:

‘नमस्कार सर, आपली पीओ तपासली. एकूण 1,200 बॉक्स आणि पीओतला दर आम्हाला मान्य आहे. डिलिव्हरी 14, 17 आणि 20 ऑक्टोबरला, प्रत्येकी 400 बॉक्स, अशी देऊ शकतो. कृपया तीन गोष्टी कळवा: 1) पत्त्यांच्या यादीत 1,150 बॉक्स आहेत, उरलेले 50 कुठे द्यायचे? 2) दर जीएसटीसह आहे की जीएसटी वेगळा? 3) कोणत्या लॉटमधले किती बॉक्स कुठे उतरवायचे? शुक्रवारी संध्याकाळी 5 पर्यंत सुधारित पीओ मिळाल्यास या तारखा पाळता येतील. ती आल्यावर आम्ही कच्चा माल घेऊ.’

बघा, काय मान्य आहे आणि काय बाकी आहे, हे यात वेगवेगळं दिसतं. बाकी असलेल्या प्रत्येक मुद्द्याला नंबर आहे, त्यामुळे समोरच्याला ‘1 चं उत्तर हे’ असं पटकन लिहिता येतं.

आणि हो, ‘उरलेले 50 चाकणला टाका’ असं फोनवर सांगितलं, तरी सुधारित पीओ मागाच. बिल पास करताना अकाउंट्सवाले पीओ, चलन आणि बिल समोरासमोर ठेवतात. फोनवरचं बोलणं त्यांच्या फाइलला नसतं. आकडे जुळले नाहीत की बिल अडकतं, आणि तोवर तेल-बेसनाचे पैसे तुमच्या खिशातून गेलेले असतात.