स्ट्रॉबेरीच्या तोडणीनंतर पाठीला विसावा कसा द्यायचा?

सख्यांनो, पाचगणी-भिलार भागात तोडणीचा हंगाम सुरू झाला की आपली पाठ दिवसभर वाकलेली असते. फळ जमिनीलगत, बेड बुटका. अशा बाईला कुणी सांगतं, "पाठ दुखते तर व्यायाम कर." पण पाठीला आणि पायांना काम आधीच भरपूर आहे. त्यांना हवा आहे तो विसावा, आणि तोही ठरावीक वेळी.

एका ताईचा दिवस धरून बघूया. ताई पहाटे पाचला उठतात, वाकून अंगण झाडतात, हंडे भरतात आणि सातला शेतात. इथेच चुकतं. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगतात. त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. म्हणून त्या वेळेत उभ्याने होणारी कामं करायची. झाडणं लांब दांड्याच्या झाडूने किंवा संध्याकाळी. हंडा घरातल्या दुसऱ्या कुणी उचलावा. शेतावर चालत गेलात तर चांगलंच.

दुसरी वेळ शेतातली. बराच वेळ वाकून राहिलं की पाठीचे बंध सैल पडतात आणि लगेच घट्ट होत नाहीत. तशातच भरलेला क्रेट उचलला की कंबरेत चमक भरते. म्हणून बेड संपला की उभं राहा, हात कमरेवर ठेवून हळूच पाच वेळा मागे झुका. दोन मिनिटं चाला, मगच क्रेट उचला. तोही अंगाजवळ धरून, गुडघ्यांत वाकून. तोडताना मधूनमधून पोत्यावर एक गुडघा टेकवा आणि गुडघा बदलत राहा.

तिसरी वेळ संध्याकाळची. स्वयंपाकाला लागण्याआधी चटईवर उताणं पडा आणि दोन्ही पोटऱ्या खाटेवर ठेवा. दहा मिनिटं तसंच राहा, पाठ आणि पाय दोन्ही मोकळे होतात. तोडणी नसेल त्या दिवशी एक व्यायाम करा. उताणं पडून गुडघे दुमडायचे, कंबर हळू उचलायची आणि खाली आणायची, आठ वेळा. तोडणीच्या दिवशी हा करायचा नाही.

जमतंय का, ते सकाळी कळतं. आखडलेलं अंग अर्ध्या तासात सुटलं तर ठीक. कालच्यापेक्षा जास्त आखडलं तर व्यायाम निम्मा करा आणि त्या दिवशी क्रेट उचलायचं काम दुसरीला द्या.

एक मात्र लक्षात ठेवा. कळ गुडघ्याखाली उतरून पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे विसाव्याने भागत नाही.