आदेशाचा सारांश कसा काढावा: भाचीस पत्र

चि. मनूस,


दुकानदाराच्या रिट याचिकेतला 3 जुलैचा आदेश आणि त्याखाली तू लिहिलेला सारांश, दोन्ही वाचले. तू लिहिलं आहेस: “पुढील तारीख 14 ऑगस्ट. नगर परिषद उत्तर दाखल करणार. तोपर्यंत पाडकामाला स्टे.” धावत्या नजरेला यात चूक दिसत नाही. पण एवढ्यावर विसंबून आपला पक्षकार स्वस्थ बसला, तर ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी त्याच्या दारात जेसीबी उभा राहू शकतो. कसा, ते सांगते.

आदेश वाचायला बसलीस की आधी हकिगत आणि हुकूम वेगळे कर. आपल्या आदेशाचे पहिले पाच परिच्छेद हकिगतीचे आहेत: नोटीस केव्हा आली, कोणत्या कलमाखाली आली, कोणता वकील काय म्हणाला. त्यातून सारांशात काही घ्यायचं नाही, एक अपवाद सोडून. वकिलाचं म्हणणं नुसतं नोंदवलेलं असेल तर ते म्हणणंच राहतं. त्यापुढे न्यायालयाने ‘निवेदन स्वीकारण्यात येते’ असं लिहिलं असेल तर ते बांधून घेणारं ठरतं, आणि मग त्याची जागा अंतरिम निर्देशांत. इथे नगर परिषदेच्या वकिलांनी फक्त मुदत मागितली आहे, म्हणजे हाती धरण्यासारखं काही नाही. खरा मजकूर सहाव्या परिच्छेदापासून सुरू होतो.

सहावा परिच्छेद पुन्हा वाच. 18 जूनच्या नोटिशीला अनुसरून सक्तीची कारवाई करू नये, पुढील तारखेपर्यंत. अट अशी की याचिकाकर्त्याने थकीत मालमत्ता करापोटी 2 लाख रुपये, आपले हक्क अबाधित ठेवून, आजपासून चार आठवड्यांत नगर परिषदेकडे भरावेत. न भरल्यास हे संरक्षण न्यायालयाकडे पुन्हा न येता आपोआप संपुष्टात येईल. हे शेवटचं वाक्य तुझ्या सारांशात नाही, आणि सगळ्या आदेशाचा जीव तिथेच आहे. असं वाक्य असलं की मुदत चुकल्यावर समोरच्याला कुठलाही अर्ज करावा लागत नाही. संरक्षण त्या रात्री संपलेलं असतं.

आता मुदत मोजू. आदेश संकेतस्थळावर आला 8 जुलैला, आणि तू पेन्सिलीने समासात 5 ऑगस्ट लिहिलं आहेस. म्हणजे तू अपलोडच्या दिवसापासून मोजलंस. आदेशात ‘आजपासून’ आहे, आणि आदेशातला आज म्हणजे 3 जुलै. तो दिवस सोडून चार आठवडे 31 जुलैला संपतात. ‘आदेश अपलोड झाल्यापासून’ असं न्यायालय कधीकधी मुद्दाम लिहितं, तेव्हा तसं मोजायचं. म्हणून सारांशात मुदतीचा आकडा लिहिताना ती कुठून मोजली तेही लिहीत जा, म्हणजे दुसऱ्याला पडताळून पाहता येईल. आणि पक्षकाराला 31 सांगू नकोस. 25 सांग. नगर परिषदेच्या खिडकीवर रक्कम ‘हक्क अबाधित ठेवून’ घ्यायला कारकून कुरकुर करतो, त्यात दोन दिवस जातातच. पावती मिळाली की ती जोडून पूर्ततेचं शपथपत्र दाखल करायचं. आदेशात ते मागितलेलं नाही, पण पैसे भरल्याचं कागदावर दिसलं नाही तर 14 तारखेला तोंडी सांगत बसावं लागेल.

‘स्टे’ हा शब्द मात्र काढून टाक. नोटिशीला स्थगिती नाही, त्या एका नोटिशीवरून कारवाईला मनाई आहे. उद्या नगर परिषदेने नव्याने नोटीस काढली तर हा आदेश तिला आपोआप लागू होणार नाही, आपल्याला पुन्हा न्यायालयात जावं लागेल. शिवाय त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक ओळ आहे, जी वाचताना आपल्या बाजूचा वकील हमखास घाईत असतो: याचिकाकर्त्याने दरम्यान पुढील बांधकाम करू नये व त्रयस्थाचा हितसंबंध निर्माण करू नये. हा हुकूम आपल्यावर आहे. दुकानदार मागच्या बाजूला पत्र्याची शेड टाकणार होता, आणि वरची खोली भाड्याने द्यायचं त्याच्या मनात आहे, हे तूच मला सांगितलंस. त्याला आजच फोन कर. आपल्याच पक्षकाराने मोडलेला आदेश घेऊन न्यायालयापुढे उभं राहणं फार अवघड असतं.

कागदपत्रांचं तर तू एका ओळीत उरकलंस. सातव्या परिच्छेदात छापलं आहे: ‘प्रतिवादी क्रमांक 2’ ने तीन आठवड्यांत उत्तराचं शपथपत्र दाखल करावं, याचिकाकर्त्याला आगाऊ प्रत द्यावी, आणि प्रत्युत्तर असल्यास त्यानंतर एका आठवड्यात. शीर्षक काढून बघ. क्रमांक 2 म्हणजे जिल्हाधिकारी, नगर परिषद क्रमांक 3. मुदत मागितली क्रमांक 3 ने, तेव्हा ही टंकनाची चूक असणार, यात मलाही शंका नाही. पण तू ती न बोलता दुरुस्त करून ‘नगर परिषद’ लिहिलंस, ते करायचं नाही. सारांशात छापलं आहे तसंच उतरवायचं आणि शेजारी शंका नोंदवायची. नाहीतर 24 जुलै उलटल्यावर नगर परिषद म्हणेल, आम्हाला मुदत घातलीच नव्हती. दुरुस्तीसाठी ‘स्पीकिंग टू मिनिट्स’ची नोंद देऊन प्रकरण त्याच खंडपीठापुढे लावून घे. आदेश ताजा आहे तोवर हे काम सोपं असतं.

आपल्या बाजूचे कागद आठव्या परिच्छेदात आहेत: पान 42 ते 46 च्या वाचता येतील अशा प्रती. शिवाय क्रमांक 4, म्हणजे तक्रार करणारा शेजारी, हजर नाही. त्याच्या नावे नोटीस निघाली आहे आणि हमदस्त बजावणीची परवानगी आहे. याचा अर्थ नोटीस आपण घ्यायची, बजावायची आणि बजावणीचं शपथपत्र लावायचं. ते नसलं तर 14 ऑगस्टला पुन्हा तारीख पडेल, ती केवळ आपल्यामुळे.

आणि 14 ऑगस्ट. संरक्षण ‘पुढील तारखेपर्यंत’ आहे, ‘पुढील आदेशापर्यंत’ नाही. बोर्ड मोठा असला, प्रकरण पुकारलंच गेलं नाही, तर ते चालू राहिलं असं गृहीत धरू नकोस. त्या दिवशी मेन्शन करून मुदतवाढ नोंदवून घ्यायची. संकेतस्थळावर कधी वेगळी तारीख दिसते. सारांशात आदेशातली लिही आणि आदल्या संध्याकाळी बोर्ड बघ.

मी लिहिला असता तो मजकूर असा:

“पुढील तारीख 14 ऑगस्ट, संरक्षण त्या तारखेपर्यंतच. आपण: 31 जुलैपर्यंत (आदेशापासून चार आठवडे) 2 लाख रुपये नगर परिषदेकडे, न भरल्यास संरक्षण आपोआप रद्द, पान 42 ते 46 च्या सुवाच्य प्रती, क्र. 4 ला हमदस्त बजावणी व तिचं शपथपत्र. समोरचे: क्र. 2 चं उत्तर 24 जुलैपर्यंत (क्र. 3 अभिप्रेत असावा, दुरुस्ती घ्यायची), आपलं प्रत्युत्तर त्यानंतर एक आठवडा. मनाई त्यांना: 18 जूनच्या नोटिशीवरून सक्तीची कारवाई. मनाई आपल्याला: नवं बांधकाम, विक्री, भाडेकरार.”

याची मराठी प्रत दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव आणि त्याने वाचली का ते फोन करून विचार. कर भरल्याची पावती आली की माझ्याकडेही एक प्रत धाड.

तुझी,
आत्या