रजेनंतरचा इनबॉक्स

१. मेल ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने उघडायच्या नसतात, हे मला फार उशिरा उमगलं. गणपतीला गावी जाऊन पंधरवड्याने अलकापुरीच्या ऑफिसात परतायचं म्हणजे ऐन सप्टेंबर. ११ तारखेला जीएसटीआर-१, १५ला पीएफ आणि अग्रिम कराचा दुसरा हप्ता, २०ला ३बी. म्हणून आता इनबॉक्सच्या आधी कागद घेते, त्यावर या तारखा लिहिते आणि त्यांच्याशी संबंधित मेल तेवढ्या शोधते. जीएसटी पोर्टलही त्याच वेळी उघडते. तिथे एएसएमटी-१० नोटीस पडली असेल, तर उत्तराचे ३० दिवस ती बजावल्यापासून धावतात. आपण रजेवर होतो हे त्यांच्या हिशेबात नसतं.

२. लांबलचक साखळीतली शेवटची मेल आधी वाचावी, कारण निम्मे प्रश्न आपल्यावाचून सुटलेले असतात. पण सगळ्यांत जास्त धडे मला या सवयीच्या अपवादांनी दिले. मकरपुऱ्याच्या एका लघुउद्योजकाचं बिल घ्या. शेवटची मेल सांगते, ‘क्रेडिट नोट पाठवली आहे, पेमेंट करा.’ नोट मात्र तिला जोडलेली नसते, कारण रिप्लाय करताना आधीची अटॅचमेंट पुढे येत नाही. मग बिल नंबरासोबत `has:attachment` टाकून शोधायचं. त्या शोधात मधली एक मेल सापडते: माल कमी भरल्याची स्टोअरची तक्रार. खरी किल्ली तीच. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल, तर पुरवठादाराने ती दूर केली तो दिवस माल स्वीकारल्याचा धरतात. लेखी करार असला तरी ४५ दिवसांची कमाल मुदत तिथून मोजायची. मुदत चुकली तर तो खर्च करासाठी पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच धरला जातो. शेवटच्या मेलने काम कळलं, तारीख मात्र मधल्या मेलने ठरवली.

३. तारखांनंतर माणसं. `to:me -cc:me is:unread` टाकलं की थेट मला लिहिलेलं वर येतं. ज्याचं काम माझ्या एका होकारासाठी अडलंय, त्याला दोन ओळी लगेच. नुसत्या सीसीतल्या मेल शुक्रवारपर्यंत थांबतात, आणि त्याने कुणाचं अडलेलं मी तरी पाहिलं नाही.

४. ढीग उपसण्याच्या घाईत सर्वांत धोक्याची मेल साधी दिसते: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे नव्या खात्यात भरावे.’ नाव ओळखीचं, लेटरहेडही बरोबर. आमच्याकडे नोंदवलेल्या जुन्या नंबरवर फोन करून त्या माणसाशी बोलल्याशिवाय मी ती पुढे पाठवत नाही. मेलखालच्या नंबरवर तर फोन मुळीच करत नाही.