परदेशातला पहिला सण : फोटोखाली काय लिहावं

न्यू जर्सीत एडिसन-आयझेलिन भागात मुरलेल्या मराठी कुटुंबांना विचारून ही टिपणं तयार केली आहेत. घरभाडं, लायसन्स, किराणा यांबद्दल नव्याने आलेल्यांना कुणी ना कुणी सांगतंच. पण पहिला गणपती किंवा पहिली दिवाळी आली की फोटो टाकायचा असतो, घरची आठवण अनावर झालेली असते आणि कॅप्शन सुचत नाही. त्या वेळी या गोष्टी उपयोगी पडतात.

आधी फोन, मग पोस्ट

गणपतीच्या दिवसांत आपण भारताच्या साडेनऊ तास मागे असतो. रात्री अकराला तुम्ही ‘आज खूप एकटं वाटतंय, घरी यावंसं वाटतंय’ असं लिहून झोपलात, तर आई ते सकाळी साडेआठला चहाबरोबर वाचते. ती लगेच फोन लावते, पण तुमचा फोन सायलेंटवर असतो. तुम्ही सातला उठता तेव्हा तिकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. तोपर्यंत तिने मावशीला कळवलेलं असतं आणि बाबांनी तुमच्या रूममेटचा नंबर शोधायला घेतलेला असतो.

म्हणून एकटेपणा आईला फोनवरच सांगावा. तिथे तिला तुमचा आवाज ऐकू येतो, काय खाल्लंस हे विचारता येतं. बोलणं झालं की मग कॅप्शन लिहावी. रडू येऊन गेल्यावर लिहिलेली ओळ जास्त नेमकी उतरते, असाही सगळ्यांचा अनुभव आहे.

आठवण कशाची, ते लिहा

‘मिस यू होम’ किंवा ‘आईच्या हातची सर कशालाच नाही’ या ओळी कुणाच्याही फोटोखाली चालतात. म्हणूनच त्या वाचून घरच्यांना आपलं घर दिसत नाही. चिपळूणकडच्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. तिने इथल्या पहिल्या गणपतीला उकडीचे मोदक केले आणि फोटोखाली लिहिलं :

‘घरच्या मोदकांची सर कशालाच नाही. मिस यू आई.’

शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, मोदक केलेस कसे ते तर सांग. मग सगळं बाहेर आलं. घरी आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून, गिरणीतून पिठी दळून आणतात. इथे ओक ट्री रोडवरच्या दुकानातलं पाकीट. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, हे घरचं प्रमाण. पण पाकिटातली पिठी जुनी आणि कोरडी असल्याने तेवढं पाणी पुरलं नाही. पारी करताना कडा चिरल्या, कळ्या पाडताना फाटल्या. फ्रीझरमधल्या खोबऱ्याला पाणी सुटलं, म्हणून सारणही जास्त वेळ परतावं लागलं. शेवटी तिने व्हिडिओ कॉल लावला. आईने उकड बघूनच सांगितलं, की पाण्याचा हात लाव आणि गरम आहे तोवर पुन्हा मळ.

हे सगळं सांगून झाल्यावर तिने नवी कॅप्शन लिहिली :

‘पिठी पाकिटातली, खोबरं फ्रीझरमधलं. पहिले तीन मोदक फाटले. आई फोनवरून म्हणाली, “पाण्याचा हात लाव आणि गरम आहे तोवर मळ.” चौथ्यापासून कळ्या उभ्या राहिल्या. आई, आजचा नैवेद्य तुझाच.’

यात ‘आठवण’ हा शब्द कुठेही नाही, तरी वाचणाऱ्याला ती कळते. काय बिनसलं ते आहे, आईचं बोलणं तिच्याच शब्दांत आहे आणि शेवटी मोदक झाले, म्हणजे मुलगी ठीक आहे, हेही घरच्यांना समजतं. पहिली ओळ पिठी-खोबऱ्याची ठेवली हेही बरं झालं. इन्स्टाग्रामवर लांब मजकूर सुरुवातीच्या ओळींनंतर दुमडला जातो, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. पहिल्या ओळीत हॅशटॅग आणि इमोजी भरले, तर मोदकांपर्यंत कुणी पोचत नाही.

सणाची वेळ सांगा

इथे सण घड्याळाशी जुळत नाही. चतुर्थी कामाच्या दिवशी येते आणि मंडळाचा गणपती बहुतेक वेळा शनिवार-रविवारी बसतो. घरची आरती सकाळी नऊला असेल, तर आपल्याकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा. हा फरक दोन वेळा शेजारी ठेवून लिहिला, की दुसरं काही सांगावं लागत नाही :

‘घरी पहाटेचे पाच, बाबा सगळ्यांना अभ्यंगस्नानाला उठवताहेत. इथे आदल्या संध्याकाळचे साडेसात, मी ऑफिसातून आत्ताच आले. उटणं मात्र दोन्हीकडे एकाच पुडीतलं.’

एक खबरदारी घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथलं घड्याळ तासभर मागे जातं आणि फरक साडेदहा तासांचा होतो. त्यानंतर येणाऱ्या दिवाळीला वेळ पुन्हा मोजून मगच लिहा.

माणसांबद्दल लिहिताना

कॅप्शन इथली माणसंही वाचतात. ज्या काकूंनी डबाभर चकल्या दिल्या, त्यांच्याच चकल्यांच्या फोटोखाली ‘आईसारख्या नाहीत’ असं लिहू नये. आईची आठवण आणि काकूंचे आभार एका ओळीत सहज मावतात : ‘आईच्या चकलीला काटा जास्त, काकूंच्या चकलीला तिखट जास्त. दिवाळी दोघींमुळे झाली.’

घरचं आजारपण, बाबांचं ऑपरेशन, आजीला आता ओळख पटत नाही, या गोष्टी घरच्यांनी नातेवाइकांना सांगितल्या आहेत का, हे आधी विचारून घ्या. जुना फोटो टाकायचा असेल तर त्यात जे आहेत त्यांना दाखवा. आईला तो नको असण्याची कारणं आईला माहीत असतात.

घ्या आणि आपली नावं, आपले पदार्थ घाला

भाऊबीज : ‘ताईने फोनसमोर ताट धरून ओवाळलं. ओवाळणी बँकेतून पाठवली. करंज्या माझ्या वाटणीच्याही तिनेच खाल्ल्या.’

गणपती : ‘घरी आरतीला झांजा माझ्याकडे असायच्या. यंदा त्या पुतण्याच्या हातात आहेत. त्याचा ठेका चुकतोय आणि मला इथून ऐकू येतोय.’

पुरणपोळी : ‘पुरणयंत्र नाही, म्हणून डाळ गाळणीवर चमच्याने घासली. आजी म्हणाली, “आम्ही पाट्यावर वाटायचो, तू तक्रार करू नकोस.”’

संक्रांत : ‘बाहेर बर्फ, घरात तिळगूळ. पाक जरा पुढे गेला, लाडू कडक झालेत. गोड बोलायला आधी दात लागतील.’

नेहमीचा दिवस : ‘पिठलं-भात. सण नाही, पाहुणे नाहीत. बुधवारी आमच्या घरी हेच असायचं.’

यातली शेवटची कॅप्शन घरी सर्वांत जास्त आवडते, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. सणाला आठवण येणार हे घरच्यांनी धरलेलंच असतं. बुधवारचं पिठलं तुम्हाला आठवतं, हे त्यांना नव्याने कळतं.

पोस्ट केल्यावर

आई-बाबा इन्स्टाग्रामवर नसतील तर तोच फोटो, त्याच ओळींसह, घरच्या ग्रुपवर वेगळा पाठवा. व्हॉट्सॅप स्टेटस चोवीस तासांत जातं, त्यामुळे फक्त तिथे टाकलेलं आजी-आजोबांकडून बघायचं राहून जातं. काका-आत्या खाली काही लिहितील, त्यांना अंगठा दाखवून सोडू नका. आत्याने ‘पाक कसा केलास?’ विचारलं तर गूळ किती, तूप किती, हे सविस्तर लिहा. पुढच्या वर्षीचे लाडू तिच्या उत्तरावरच सुधारतात.