काकांचं खरं वय

आमचे दादा 30 जून 2025 ला केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. ऑफिसात हारतुरे झाले आणि घरी येऊन म्हणतात, “मी अजून साठीचा नाहीच!” ‘मी लहान आहे’ हे पालुपद आम्ही जन्मभर ऐकतोय. या वेळी मात्र सहावीतल्या आमच्या चिरंजीवांनी त्यांना पत्रच धाडलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, चक्क तिकीट लावून.

“तीर्थस्वरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार. तुमच्या आधारवर 1 जुलै 1965 आहे. तुम्ही म्हणता, जन्म 1966 च्या दिवाळी पाडव्याचा. म्हणजे जन्मायच्या आधी सोळा महिने तुम्ही कागदावर रांगत होता! शिंदे की छावणीतल्या अटलजींचीही दोन सालं सापडतात, 1924 आणि 1926. पण त्यांचा कागद त्यांना लहान करायचा, तुमचा तुम्हाला म्हातारा करतो. केक कुठल्या तारखेला खायचा, ते कळवावं. दोन्ही चालतील.”

आम्ही पोट धरून हसलो. रात्री मात्र पोरानं हळूच विचारलं, “बाबा, काका थापा मारतात का?”

थापा काका मारत नाहीत, कागद मारतो. 1971 च्या जुलैत दादा पावणेपाच वर्षांचे होते. घरात पाळणा हलत होता, आईला दुपारची जरा उसंत हवी होती, म्हणून आमचे वडील, अण्णा, त्यांना शाळेत घेऊन गेले. मास्तरांना सहा पूर्ण हवी होती. सत्र 1 जुलैला सुरू व्हायचं, तेव्हा त्यांनी त्याच तारखेला सहा पूर्ण होतील असा जन्म लिहून टाकला. जन्माचा दाखला कुणी मागितला नाही, जन्मनोंदणीचा 1969 चा कायदाच तेव्हा नवा होता. महाराष्ट्रात अशी माणसं 1 जूनची सापडतात, आमच्याकडे 1 जुलैची.

मग तीच तारीख शाळेतून बोर्डाच्या प्रमाणपत्रावर गेली, तिथून सर्व्हिस बुकात. पत्रिकेत कार्तिक शुद्ध प्रतिपदा, शके 1888 असं ठसठशीत लिहिलंय, पण बोर्डाच्या कागदापुढे पत्रिकेचं फारसं चालत नाही. शिवाय महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्ती. खऱ्या तारखेनं दादा नोव्हेंबर 2026 पर्यंत कामावर असते. सतरा महिन्यांचा पगार मास्तरांच्या टाकानं खाल्ला म्हणायचा.

मोठमोठ्यांचंही हेच होतं. लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग जन्मसाल 1951 सांगत आणि त्यांच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावरही तेच होतं. पण एनडीएच्या अर्जात 1950 पडलं होतं. प्रकरण 2012 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्यांनी अर्ज मागे घेतला आणि त्याच मेअखेर ते निवृत्त झाले.

पगाराचं दादा हसून सोडून देतात. सल आहे ती वेगळीच. वर्गात ते सगळ्यांत चिमुकले. मुळाक्षरं वळायची नाहीत, कबड्डीत कुणी घ्यायचं नाही, आणि घरी ऐकायचं, “बाकीची पोरं बघ!” बाकीची पोरं सव्वा वर्षानं मोठी होती, हे त्या जिवाला कोण सांगणार? “मी लहान आहे” हे त्यांचं वाक्य तेव्हापासूनचं असावं.

आपणही प्रवेशाच्या वेळी थोडेफार अण्णाच होतो, नाही का? दोन महिन्यांसाठी वर्ष वाया जाणार म्हटलं की पोटात गोळा येतो. पाळणाघराची फी, दोघांच्या नोकऱ्या, शेजारच्यांचं कार्टं पहिलीत. आता दाखल्यामुळे तारीख सरकवता येत नाही, पण घाई जात नाही. अशा वेळी वयाच्या काठावर असलेलं मूल वर्षभर थांबवायला हरकत नसते. आणि तरीही पाठवलंच, तर बाईंना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावं की हा वर्गातला सगळ्यांत धाकटा आहे. अक्षर वाकडं आलं की वही पाहण्याआधी वय पाहायचं.

कागदाचंही एक सांगतो, म्हणजे आमच्या घरातली बाई सांगते, कारण फायली तिच्याकडे. जन्माची नोंद 21 दिवसांत झाली तर विनामूल्य होते. वर्ष उलटलं की मग मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय होत नाही. बारसं लांबलं म्हणून नोंद थांबवू नये, बाळाचं नाव मागाहून, बारा महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो. तेव्हा तो हातात पडला की खिडकीपाशीच उभं राहून तारीख, आईचं नाव, आडनाव वाचून घ्यावं. आमच्याकडे हिंदी लिहिणारा कारकून ‘ळ’चा हमखास ‘ल’ करतो.