घटक ५ : कार्यालयीन पत्रातील सूचितार्थ – मूल्यमापनाच्या ईमेलचे वाचन

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्तींचा परिचय करून घेतला. व्यंजनेची उदाहरणे आपण बहुधा कवितेतून घेतो. त्यामुळे ती केवळ रसिकांच्या उपयोगाची शक्ती आहे, असा समज होण्याचा संभव असतो. प्रस्तुत घटकात आपण एक रूक्ष वाटणारा मजकूर वाचणार आहोत : वर्षअखेरीस वरिष्ठाने कनिष्ठाला पाठवलेला, कष्टांची स्तुती करणारा आणि अंतिम श्रेणीविषयी मौन पाळणारा ईमेल. अशा मजकुरात वाच्यार्थ एका दिशेला आणि व्यंग्यार्थ दुसऱ्या दिशेला जातो. तो वेळीच ओळखता आला, तर निर्णय होण्यापूर्वी काही दिवस हाती राहतात.

पुढील नमुना या पाठासाठी रचला आहे. दादरमधील एका सहकारी बँकेच्या शाखेत कर्जवसुलीचे काम पाहणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला विभागप्रमुखांनी तो मार्चअखेर पाठवला आहे, अशी कल्पना करावी. विवेचनाच्या सोयीसाठी वाक्यांना क्रमांक दिले आहेत.

विषय : वार्षिक कार्यमूल्यमापन – प्राथमिक अभिप्राय
सप्रेम नमस्कार.
(१) सरत्या वर्षात आपण मनापासून मेहनत घेतली, हे मी जवळून पाहिले आहे. (२) गणेशोत्सवाच्या गर्दीतही लालबाग-परळमधील कर्जदारांच्या घरभेटी आपण चुकवल्या नाहीत. (३) कामाचा व्याप मोठा होता आणि आपले प्रयत्न प्रामाणिक होते, यात शंका नाही. (४) तथापि, या वर्षी वसुलीबाबत व्यवस्थापनाच्या अपेक्षा वाढलेल्या आहेत. (५) काही बाबतींत अधिक सातत्य अपेक्षित होते. (६) अंतिम श्रेणी समितीच्या बैठकीनंतर कळवली जाईल. ती कोणतीही असली तरी आपल्या क्षमतेवर माझा विश्वास आहे. (७) पुढील वर्षाकडे आपण सकारात्मक दृष्टीने पाहाल, अशी खात्री आहे.

५.२ जे लिहिले नाही त्याचा अर्थ

पहिल्या तीन वाक्यांतील नामे पाहा : मेहनत, घरभेटी, व्याप, प्रयत्न. ही सर्व नामे कष्टाची आहेत. फळ सांगणारे एकही नाम त्यांत नाही. वसुली विभागाचे काम मात्र फळावरच मोजले जाते. कर्जाचा हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक काळ थकले की ते खाते अनुत्पादक ठरते. म्हणून किती खाती पुन्हा नियमित झाली आणि किती रक्कम आली, हेच वरिष्ठांना वर सांगावे लागते. कर्जदाराच्या दारापर्यंत किती वेळा गेलात, हे त्या हिशेबात येत नाही. असे असताना प्रमुखांनी भेटींचा उल्लेख करावा आणि वसुलीचा आकडा गाळावा, ही अनवधानाने घडलेली गोष्ट मानणे कठीण आहे.

ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात याच जातीचे उदाहरण घेतले होते. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकपदासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याविषयी त्याचे गुरू लिहितात की, त्याचे भाषेवर प्रभुत्व आहे आणि तो वर्गाला नियमित हजर असे. पत्र तेथेच संपते. यातील एकही शब्द निंदेचा नाही. तरीही वाचणारा ओळखतो की, विद्यार्थ्याला तत्त्वज्ञान येत नाही. ग्राइसचे स्पष्टीकरण असे : संवादात आवश्यक तेवढी माहिती दिली जाईल, असे आपण गृहीत धरतो. लिहिणाऱ्याला ती ठाऊक असूनही तो देत नसेल, तर उघडपणे सांगणे त्याला नको असलेले असे काही तो सुचवतो आहे, असा निष्कर्ष आपण काढतो.

आपल्या काव्यशास्त्रानेही व्यंग्यार्थ शब्दाच्या पोटात शोधलेला नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त वक्ता कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, देश आणि काळ कोणता, यांच्या वैशिष्ट्यामुळे व्यंजना घडते असे सांगितले आहे. त्याच्या यादीत ‘काकू’, म्हणजे उच्चारातील स्वराचा चढउतार, हाही घटक आहे. ईमेलमध्ये नेमका तोच ऐकू येत नाही. म्हणून वाचकाला इतर खुणांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. येथे काळाची खूण मोठी आहे. हेच पत्र ऑक्टोबरात आले असते, तर ते केवळ उत्तेजनाचे ठरले असते. मार्चअखेर, समितीच्या बैठकीच्या तोंडावर आलेले पत्र मनाची तयारी करून देण्यासाठी असू शकते.

५.३ व्याकरण काय सांगते

मराठीत अशा पत्राची सर्वांत बोलकी खूण क्रियापदाजवळ सापडते. स्तुतीच्या वाक्यात कर्ता ठळक आहे : ‘मी जवळून पाहिले आहे’. विश्वास व्यक्त करतानाही ‘माझा’ शब्द आहे. मात्र ‘तथापि’ ओलांडताच अपेक्षा ‘व्यवस्थापनाच्या’ होतात, सातत्य कोणाला अपेक्षित होते ते कळत नाही आणि श्रेणी ‘कळवली जाईल’ – कर्ता लुप्त. चांगल्या शब्दांची जबाबदारी लेखकाने स्वतःकडे ठेवली आहे आणि कटू निर्णयाची दुसऱ्यांकडे सोपवली आहे. यात लबाडीच असते असे नाही. अनेक कार्यालयांत सर्व विभागांच्या श्रेणी एकत्र बसून जुळवल्या जातात आणि वरच्या श्रेणी किती जणांना द्यायच्या यावर मर्यादा असते. तेथे एकट्या प्रमुखाच्या हाती निर्णय नसतोही. परंतु त्या बैठकीत तो आपल्या माणसासाठी आग्रह धरणार आहे, असे सांगणारे एकही वाक्य या पत्रात नाही, हे नजरेआड करू नये.

पाचव्या वाक्यातील काळ तर विशेष लक्षपूर्वक वाचावा. ‘अधिक सातत्य अपेक्षित आहे’ या वाक्यात अजून संधी आहे. ‘अपेक्षित होते’ म्हटले की संधी भूतकाळात गेली आणि ती साधली गेली नाही, असा निर्वाळा मिळतो. ‘आहे’च्या जागी ‘होते’ आले आणि सल्ल्याचा निकाल झाला. सहाव्या वाक्यातील ‘ती कोणतीही असली तरी’ या रचनेचेही असेच आहे. उत्तम श्रेणी येणार असेल, तर ‘तरी’ची गरज पडत नाही. सातव्या वाक्यातील ‘पुढील वर्ष’ या वर्षावर पडदा टाकते.

५.४ वाचन तपासून कसे पाहावे

व्यंग्यार्थ शोधण्याची सवय लागली की प्रत्येक पत्रात कट दिसू लागतो; हा दोषही तितकाच खरा. त्यामुळे दोन तपासण्या कराव्यात. पहिली आदलाबदलीची : श्रेणी चांगली असती, तर याच प्रमुखांनी काय लिहिले असते? बहुधा ‘वसुलीचे उद्दिष्ट आपण गाठले, अभिनंदन’. असे वाक्य सहज लिहिता आले असते आणि ते लिहिलेले नाही, ही खूण भक्कम आहे. दुसरी तपासणी तुलनेची. त्याच व्यक्तीचे गतवर्षीचे पत्र काढून पाहावे. तेव्हाही असेच ‘तथापि’ होते आणि श्रेणी चांगली आली असेल, तर ती त्यांची लेखनशैली होय. तसेच आकडे स्वतंत्र तक्त्यात दिले जात असतील, तर पत्रातील त्यांच्या अभावाला फारसा अर्थ उरत नाही. आणि या साऱ्यानंतरही आपण अनुमानच काढलेले असते. ‘मला कमी श्रेणी दिली’ असे उत्तरात लिहिणे म्हणजे न झालेल्या निर्णयावर भांडणे होय.

आता आपल्या नमुन्यातील अधिकाऱ्याची बाजू घेऊ. त्याच्याकडे साठ थकीत खाती होती, पस्तीस नियमित करण्याचे उद्दिष्ट होते आणि सत्तावीस झाली. म्हणजे प्रमुखांचा असमाधानाचा सूर निराधार नाही. मात्र उरलेल्यांपैकी अकरा कर्जदारांच्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या झाल्या होत्या आणि ती कुटुंबे भाड्याने अन्यत्र राहायला गेली होती. ही माहिती समितीपर्यंत पोहोचली आहे की नाही, हे त्याला माहीत नाही. त्याने असे उत्तर लिहावे :

‘अभिप्रायाबद्दल आभारी आहे. काही बाबतींत अधिक सातत्य अपेक्षित होते, असे आपण नमूद केले आहे. त्या बाबी कोणत्या, हे बैठकीपूर्वी कळल्यास आवश्यक तपशील देता येईल. ६० पैकी २७ खाती नियमित झाली. उद्दिष्ट ३५ होते. उर्वरित ३३ पैकी ११ कर्जदार चाळींच्या पुनर्विकासामुळे स्थलांतरित झाले असून त्यांच्या नव्या पत्त्यांची यादी सोबत जोडली आहे. ही बाब समितीपुढे ठेवावी, ही विनंती.’

या उत्तरात गाऱ्हाणे नाही. पत्रातील मोघम वाक्य जसेच्या तसे उचलून त्याचा तपशील मागितला आहे, कमी पडलेला आकडा स्वतःच मांडला आहे आणि कष्टांचा उल्लेख टाळला आहे, कारण कष्ट प्रमुखांनी आधीच मान्य केले आहेत.

५.५ ‘चांगले’ हा शब्द न्यायालयात

स्तुतीच्या शब्दाने नुकसान होऊ शकते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे प्रत्यक्ष आला होता. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील कार्यकारी अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ या वर्षासाठी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी लागोपाठ पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ शेरा आवश्यक होता. शेरा प्रतिकूल नाही, म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही आणि त्यांची बढती हुकली. मे २००८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, शेऱ्याचे नाव काहीही असो, त्याचा परिणाम पाहिला पाहिजे. बढती अडवणारा ‘चांगला’ हा प्रतिकूलच ठरतो आणि म्हणून प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला गेला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध म्हणणे मांडता येईल. सुखदेव सिंग प्रकरणात २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली.

भाषेच्या अभ्यासकाने यातून टिपायचे ते असे की, ‘चांगला’ या शब्दाचा कोशातील अर्थ येथे निरुपयोगी ठरला. श्रेणींच्या मांडणीत तो कोणाच्या खाली बसतो, यावर त्याचा अर्थ ठरला. मात्र हे निर्णय शासकीय सेवकांच्या संदर्भातील आहेत. लोअर परळच्या खासगी कंपनीतील कर्मचाऱ्याला केवळ त्यांच्या आधारे आपला शेरा मागता येईल, असे समजू नये. त्याला आपल्या नियुक्तिपत्राच्या अटी आणि कंपनीचे नियम पाहावे लागतील.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. नमुन्यातील चौथे ते सहावे वाक्य ‘मी’ हा कर्ता ठेवून पुन्हा लिहा. पत्राच्या अर्थात आणि लेखकाच्या जबाबदारीत कोणता फरक पडतो, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘आपण वर्षभर सर्वांना मदत केलीत, कार्यालयातील वातावरण आपल्यामुळे प्रसन्न राहिले’ एवढाच अभिप्राय एका लेखापालाला मिळाला आहे. त्यातील सूचितार्थ सांगा आणि तो चुकीचा ठरू शकेल अशी एक परिस्थिती लिहा.